तासाच्या आतला व्यायाम: स्पोर्ट्स ड्रिंक, ओआरएसची पुडी की घरचं मीठ-साखर-लिंबू?

प्रश्न: सर, मी रोज सकाळी रंकाळ्यावर 45 मिनिटं पळतो आणि शनिवारी संध्याकाळी टर्फवर तासभर फुटबॉल खेळतो. पळून आलं की डोकं जड होतं. एक मित्र म्हणतो स्पोर्ट्स ड्रिंक घे, दुसरा म्हणतो मेडिकलमधली ओआरएसची पुडी घे, आणि घरी बायको मीठ-साखर-लिंबू करून देते. यातलं नक्की काय घेऊ? वजन 68 किलो, बीपी-शुगर काही नाही.

उत्तर:

45 मिनिटांच्या पळण्याला या तिन्हीतलं काहीच लागत नाही, साधं पाणी आणि त्यानंतरचा नाष्टा पुरतो. पण तुमचं डोकं जड होतंय ते खरंच आहे आणि त्याचं कारण शोधायला पाहिजे, आणि माझ्या अंदाजानं ते कारण पळताना किंवा पळून आल्यावर नाही तर पळायच्या आधी आहे. मी क्रीडा आहाराचं काम करतो, तालमीतली पोरं, पेठेतले फुटबॉलवाले आणि रंकाळ्यावर पळणारी नोकरदार मंडळी सगळे येतात, आणि सकाळी पळणाऱ्यांमध्ये ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते.

बघा, रात्री साडेदहाला झोपताना घोटभर पाणी प्यायलेलं असतं, मग सात तास काही नाही. श्वासातून, कातडीतून आणि पहाटेच्या लघवीतून मिळून अर्धा लिटर पाणी सहज गेलेलं असतं. उठल्यावर एक कप चहा, बूट घातले आणि थेट रंकाळा. म्हणजे सुरुवातच तुटीत. वर पळताना अजून पाऊण लिटर घाम. मग आल्यावर डोकं जड नाही होणार तर काय होणार. आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या, पळताना प्यायलेलं पाणी लगेच कामाला येत नाही, ते पोटातून आतड्यात जायचं, तिथून रक्तात जायचं, याला वेळ लागतो, त्यामुळं अर्ध्या वाटेवर प्यायलेल्या बाटलीतलं बरंचसं पाणी तुम्ही पळायचं थांबवल्यावरच अंगात पोचतं. दोन-तीन तासांच्या शर्यतीत हे चालून जातं, 45 मिनिटांत नाही. म्हणून तासाच्या आतल्या व्यायामात बाटलीत काय आहे यापेक्षा सुरू करताना तुमच्या अंगात पाणी किती होतं हे कितीतरी जास्त महत्त्वाचं.

हे खरं आहे का ते तुम्ही घरीच तपासू शकता, 100 ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असला की झालं. पळायला जाण्याआधी लघवी करून यायचं आणि फक्त चड्डीवर वजन करायचं. आल्यावर टॉवेलनं घाम नीट पुसायचा, ओला टीशर्ट काढायचा आणि परत तसंच वजन करायचं. टीशर्ट काढायचं विसरू नका, घामानं चिंब टीशर्टात बराच घाम अडकलेला असतो आणि काट्यावर तो तुमच्याच वजनात धरला जातो, मग तूट कमी दिसते. मधे पाणी प्यायला असाल तर ते मिलीलिटरमध्ये लक्षात ठेवायचं आणि वजनाच्या फरकात मिळवायचं. मधे लघवीला गेला असाल तर त्या दिवसाचा हिशोब सोडून द्या, दुसऱ्या दिवशी करा.

तुमचंच उदाहरण घेऊ, आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही स्वतःचे घाला. समजा एप्रिलच्या एका सकाळी जाताना 68.4 किलो आणि आल्यावर 67.6, मधे काही प्यायलं नाही. म्हणजे 800 ग्रॅम गेले, यातलं जवळजवळ सगळं पाणीच, 45 मिनिटांत चरबी इतकी जळत नसते, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 800 ग्रॅम म्हणजे तुमच्या वजनाच्या साधारण सव्वा टक्का. दोन टक्क्यांच्या पुढं तूट गेली की बहुतेकांची कामगिरी उन्हात उतरायला लागते, म्हणून व्यायामात तूट त्याच्या आत ठेवा असं सांगतात, आणि सव्वा टक्का त्याच्या आतच आहे. पण ही फक्त पळण्यातली तूट झाली, रात्रीची अर्ध्या लिटरची तूट वर धरली की तुम्ही दोन टक्क्यांच्या जवळ पोचता. काट्यावरच्या फरकात ही रात्रीची तूट दिसत नाही, कारण जाताना वजन केलं तेव्हा ती आधीच झालेली होती. ती लघवीच्या रंगावरून कळते, उठल्यावरची पहिली गडद असतेच, ती सोडा, निघायच्या आधीची बघा, ती फिक्की पिवळी पाहिजे.

आता मीठ. घामात सोडियम किती जातं हे माणसागणिक खूप वेगळं असतं, पण साधारण एका लिटरमागं एक ग्रॅमच्या आसपास धरा. म्हणजे तुमचं 800 मिली घामातून 0.8 ग्रॅम सोडियम गेलं, मिठात सांगायचं तर दोन ग्रॅम, चहाच्या सपाट चमच्याच्या अर्ध्याहूनही कमी. आल्यावर एक प्लेट पोहे आणि मीठ घातलेलं ग्लासभर ताक घेतलं तर त्यातच हे बरंचसं भरून निघतं, आणि दुपारच्या भाकरी-आमटीत उरलेलं. आपल्याकडच्या जेवणात, त्यात लोणचं, पापड, तांबडा-पांढरा असेल तर बघायलाच नको, मीठ कमी पडण्याचा प्रश्न तासाभराच्या व्यायामानं येत नाही. म्हणून डोकं जड होतंय म्हणजे मीठ कमी पडलं हा निष्कर्ष काढू नका.

साखरेचंही तेच. तुमच्या स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास साखर साठवलेली असते. तुमच्या वेगानं सहा किलोमीटर पळालात तर साधारण 400 कॅलरी जातात, त्यातली साखर साठ-सत्तर ग्रॅम असेल. साठा संपायचा प्रश्नच नाही. आणि स्पोर्ट्स ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर म्हणजे 120 कॅलरी, तुम्ही पळून घालवलेल्यातल्या पाव भागाहून जास्त त्या बाटलीतूनच परत आल्या. वजन कमी करायला पळणाऱ्यांनी हे तर नक्की लक्षात घ्यायला पाहिजे.

मग तरी लोकांना स्पोर्ट्स ड्रिंकनं बरं वाटतं ते का? हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सायकलपटूंवर दोन प्रयोग झाले. एकात तासाभराच्या जोरदार सायकलिंगमध्ये ग्लुकोज थेट शिरेतून दिलं, कामगिरीत काही फरक पडला नाही. दुसऱ्यात सायकलपटूंनी कार्बोहायड्रेटचं पाणी फक्त तोंडात फिरवून थुंकलं, गिळलं नाही, आणि त्यांचा वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारला. म्हणजे तासाभराच्या कामात साखर रक्तात पोचून काही करत नव्हती, तोंडातूनच मेंदूला इंधन येतंय असा इशारा जात होता आणि माणूस जास्त जोर लावत होता. उपाशीपोटी हा फायदा जास्त दिसतो, पोटभर खाल्ल्यावर कमी. त्यामुळं तुम्हाला कधी 10 किलोमीटरची शर्यत जीव तोडून पळायची असेल तर साखरपाण्याचा एखादा घोट तोंडात पाच-दहा सेकंद फिरवायला हरकत नाही, त्याला अख्खी बाटली लागत नाही. रोजच्या रंकाळ्याच्या फेरीला तेही नको.

आता तुमच्या तिन्ही पर्यायांत नेमका फरक काय, कारण लोक यांना एकच समजतात आणि इथंच घोटाळा होतो. स्पोर्ट्स ड्रिंक 1965 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल टीमसाठी सुरू झालं, उन्हात तासन्‌तास खेळणाऱ्यांसाठी, म्हणून त्यात साखर जास्त, लिटरमागं साधारण 60 ग्रॅम, आणि सोडियम कमी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ओआरएस जुलाबासाठी आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन कमी पडायला लागलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रम भरून मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले, तिथून याची ताकद जगाला कळली. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, म्हणून दोन्ही ठरलेल्या मापातच पाहिजेत. आजच्या डब्ल्यूएचओच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम आणि सोडियम 1.7 ग्रॅम असतं. म्हणजे स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा साखर चौपटीनं कमी आणि सोडियम साडेतीन-चार पट जास्त. तुमच्या घामात जितकं सोडियम गेलं त्याच्यापेक्षाही हे जास्त आहे, कारण ते घामासाठी नाहीच, जुलाबात आतड्यातून जाणाऱ्या पाण्यासाठी आहे. 45 मिनिटं पळून रोज एक लिटर ओआरएस प्यायचं म्हणजे गरज नसताना रोज चार ग्रॅमच्या वर मिठाइतकं सोडियम पोटात घालायचं. आज बीपी नाही म्हणून रोज घालायचं असं नाही, आणि ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

पुडीच्या बाबतीत मला जी चूक परत परत दिसते ती सांगतोच. मोठी पुडी साधारण 21 ग्रॅमची, ती एक लिटर पाण्यासाठी असते. छोटी चार-साडेचार ग्रॅमची, ती एका ग्लासाला, 200 मिलीला. टर्फवर पोरं मोठी पुडी फोडून एका ग्लासात किंवा छोट्या बाटलीत ओततात, जास्त कडक म्हणजे जास्त ताकद असं समजून. ते पाणी पाचपट घट्ट होतं, आतड्यात गेलं की पाणी आत घेण्याऐवजी अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं. पोटात गोळा येतो, मळमळतं, कधी जुलाब होतात, तहान आणखी वाढते. एका हाफ टाइमला असंच पिऊन दुसऱ्या हाफमध्ये पोट धरून बसलेला विंगर मी बघितलाय, सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. बाटलीत काय घातलं हे विचारल्यावर कारण कळलं. त्याला अर्धा तास सावलीत बसवून घोट-घोट साधं पाणी दिलं, बाकी काही करायला लागलं नाही.

अजून एक, दुकानात फळांच्या चवीची टेट्रापॅक ओआरएसच्या नावानं विकली जात होती, त्यात साखर ओआरएसच्या कितीतरी पट. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी जुनं सवयीचं नाव लोकांच्या तोंडात आहेच, म्हणून घेताना नाव बघू नका, मागचं लेबल बघा. डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं पाहिजे आणि ग्लुकोज लिटरला 13.5 ग्रॅम पाहिजे. पोराला जुलाब लागले असतील तर हा फरक फार गंभीर आहे, तिथं स्पोर्ट्स ड्रिंक आणि गोड टेट्रापॅक दोन्ही नको, खरी पुडीच पाहिजे.

राहिलं घरचं. वहिनी करून देतात ते वाईट नाही, उलट तिन्हीत मी त्याच्याच बाजूनं आहे, फक्त माप पाहिजे. चिमूट म्हणजे प्रत्येकाची वेगळी, आणि मीठ हातानं घातलं की अंदाज चुकतोच. जुलाबासाठी घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे ठरलेलं माप आहे, चव घेतली तर आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. व्यायामासाठी इतकं मीठ नको. शनिवारच्या टर्फसाठी मी पोरांना सांगतो ते असं: एक लिटर पाणी, पाव सपाट चमचा मीठ, सहा-सात सपाट चमचे साखर, अर्धं लिंबू. यात सोडियम स्पोर्ट्स ड्रिंकइतकंच येतं, साखर निम्मी आणि खर्च दोन-चार रुपये. लिंबू चवीसाठी आहे, त्यातून पोटॅशियम फार मिळतं असं नाही, पण चव चांगली असली की माणूस पितो हा फायदा मोठा. साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ चालतो, पण खडा घालू नका, किसून किंवा पावडर करून काट्यावर 30 ग्रॅम मोजा, आणि गाळून घ्या. केलेलं त्याच दिवशी संपवा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून उद्या नको. आणि हे लिंबूपाणी काय किंवा स्पोर्ट्स ड्रिंक काय, दोन्ही आंबट आहेत, दिवसभर घोट-घोट घेत बसलात तर दातांवरचं आवरण झिजतं, त्यामुळं प्यायचं तेव्हा प्या आणि नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा.

टर्फवर हे का आणि रंकाळ्यावर का नाही? कारण टर्फवर मे महिन्यात संध्याकाळी सहालाही गवत तापलेलं असतं, घाम दीडपट-दुप्पट जातो, त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवून चार-पाच तास झालेले असतात, आणि खेळून झाल्यावर गप्पांत अजून तास जातो, मग घरी जाऊन जेवण. तिथंही खेळताना थोडं थोडं पाणी आणि हे पेय खेळ संपल्यावर, एवढंच. पावसाळ्यात गार हवा असली की टर्फलाही साधं पाणी पुरतं, पण दमट दिवशी घाम सुकत नाही म्हणून तो जास्त दिसतो, त्यावर अंदाज बांधू नका, काट्यावर बघा.

आणि पळून आल्यावर काय, तर कोल्हापुरात हा प्रश्न पडायलाच नको. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी बसलेल्या माणसांना वेगवेगळी पेयं एकेक लिटर पाजून पुढच्या काही तासांत लघवीतून किती पाणी परत बाहेर जातं ते मोजलं. स्पोर्ट्स ड्रिंक आणि साधं पाणी जवळजवळ सारखेच निघाले. ज्यांनी पाणी अंगात जास्त धरून ठेवलं त्यात ओआरएस होतं आणि दूध होतं. दुधात सोडियम, पोटॅशियम, प्रथिनं सगळं असल्यामुळं ते पोटातून सावकाश पुढं सरकतं आणि पाणी एकदम बाहेर पडत नाही. प्रयोग बसलेल्या माणसांवरचा आहे हे धरूनही मी म्हणेन की व्यायामानंतर दुधाच्या कट्ट्यावर ग्लासभर दूध पिणं हे बाटलीबंद पेयापेक्षा चांगलं आहे. दूध पचत नसेल तर ताक.

तर तुम्ही आता असं करा. रात्री जेवल्यानंतर झोपेपर्यंत एक-दीड ग्लास पाणी. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, दीड ते दोन ग्लास, म्हणजे 300 ते 400 मिली, आणि मग किमान अर्धा तास जाऊ द्या, तेवढ्यात आवरणं, लघवी सगळं होतं. चहा घ्या, एका कपानं अंगातलं पाणी कमी होत नाही, ती भीती काढून टाका. पळताना काही नको, तहान लागलीच तर दोन-चार घोट. आल्यावर वजन करा, जेवढी तूट दिसेल तेवढं पाणी, दूध, ताक मिळून दोन तासांत नाष्ट्याबरोबर घ्या, 800 ग्रॅम असेल तर 800 मिली ते लिटरभर. सगळं एका दमात नको. हे आठवडाभर करा आणि डोक्याचं बघा, पाण्यामुळं असेल तर तीन-चार दिवसांतच फरक जाणवायला पाहिजे.

उलटी चूकही होते, तीही सांगून ठेवतो. आल्यावर वजन जाताना होतं त्यापेक्षा जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि गंमत म्हणजे तेव्हाही डोकंच दुखतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात, अंगठी घट्ट होते. तासाच्या आत हे क्वचित घडतं, पण पाणी पी पी म्हणून मागं लागलेल्या मित्रांमुळं घडू शकतं. अशा वेळी आणखी पाणी पाजायचं नाही, आणि गोंधळल्यासारखं बोलणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना.

आठवडाभर पाणी नीट घेऊन, लघवी फिक्की असूनही डोकं जड राहिलं, तर मग ते पाण्याचं नाही. झोप किती होते ते बघा, उपाशीपोटी पळून चक्कर येत असेल तर आधी अर्धं केळं खाऊन बघा, आणि बीपी नाही म्हणताय ते शेवटचं कधी मोजलं तेही बघा, पळायच्या दिवशी एकदा मोजून घ्या. पळताना अचानक डोक्यात सणकून कळ आली, किंवा मान आखडली, नजर धूसर झाली तर आठवडा वगैरे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.